गिझर ‘डायरेक्ट’ करण्याआधी

गिझरचा काटा साठवर ठेवला काय किंवा पंचाहत्तरवर, आंघोळीजोगतं पाणी तापायला वेळ तेवढाच लागतो. हे वाक्य मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या नातलगांत इतक्यांदा म्हटलंय की आता मी तोंड उघडण्याआधीच लोक विषय बदलतात. तरी जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा पाच-सहावर उतरला की घरोघरी तोच कार्यक्रम. कुणाला तरी सकाळी लवकर निघायचं असतं आणि कुणीतरी जाऊन काटा टोकापर्यंत पिळतं. आमची आत्या तर हमखास.

“अगं, पूर्ण फिरवला की जोरात तापतं,” ती म्हणते.

जोरात तापत नाही. पंधरा लिटरच्या गिझरमध्ये एक एलिमेंट असतं, बहुधा 2 किलोवॅटचं, आणि त्याला दोनच गोष्टी येतात: पूर्ण चालू होणं आणि पूर्ण बंद होणं. काटा फक्त एवढंच ठरवतो की बंद कधी व्हायचं. साठवर बंद हो किंवा पंचाहत्तरवर बंद हो. तिथपर्यंतची चाल एकच. ज्याला घाई आहे तो माणूस पंचेचाळीसलाच नळ सोडणार, म्हणजे त्याच्या दृष्टीनं काटा कुठे होता याला काही अर्थच नाही.

आत्याच्या समजुतीला मुळं आहेत, ती मात्र मान्य करायला हवीत. तिचं अर्धं आयुष्य बंबापुढे गेलं. दौलतगंजच्या जुन्या घरात तांब्याचा बंब होता, मधल्या नळीत बंबफोड आणि वर दोन कोळसे. तिथे जास्त सरपण घातलं की पाणी खरोखरच लवकर तापायचं. बंबाला ‘किती’ कळायचं, ‘कुठवर’ कळायचं नाही. ते बघायला माणूस लागायचा. आजी येता-जाता बंबाच्या पोटाला पालथा हात लावायची, सरपण ओढायची किंवा ढकलायची, आणि शेवटी बादलीत विसण घालताना पुन्हा हात बुडवून बघायची.

मी मालनपूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात बरीच वर्षं काढली. आमच्या धंद्यात या दोन पद्धतींना ओपन लूप आणि क्लोज्ड लूप म्हणतात. आजी नसलेला बंब म्हणजे ओपन लूप: सरपण घातलं, आता जे होईल ते होईल. आजीसकट बंब म्हणजे क्लोज्ड लूप: पाण्याची खबर हातावाटे परत आगीपर्यंत पोचते आणि आग त्याप्रमाणे बदलते. यंत्र विजेचं आहे की लाकडाचं, याच्याशी या भेदाचा काही संबंध नाही. खबर परत येते की नाही, एवढंच बघायचं.

म्हणूनच मोबाइलवरून चालू होणारे आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारे ते प्लग लोक ‘स्मार्ट’ म्हणून लावतात तेव्हा मला थोडं हसू येतं. टायमर कितीही महाग असला तरी तो ओपन लूप. त्याला मिनिटं ठाऊक असतात, पाणी ठाऊक नसतं.

पाण्याचं तापमान बघून वीज तोडणारा थर्मोस्टॅट गिझरात नाहीच असं धरून नुसत्या मिनिटांवर भिस्त ठेवली तर काय होतं, ते आकड्यांत बघू. आकडे सोपे आहेत. एक लिटर पाणी एक डिग्री तापवायला 4.186 किलोज्यूल उष्णता लागते. पंधरा लिटरला सुमारे 63. दोन किलोवॅटचं एलिमेंट सेकंदाला दोन किलोज्यूल देतं, म्हणजे एका डिग्रीला साधारण 31 सेकंद. अर्धं मिनिट एक डिग्री असं लक्षात ठेवलं तरी चालतं. यावरून वीस मिनिटांत पाणी 38 डिग्रीनं चढेल.

आता जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतून 15 डिग्रीचं पाणी आलं तर वीस मिनिटांनी ते 53 होईल. उत्तम. मार्चअखेर तेच पाणी 28 नं येतं. तीच वीस मिनिटं, आता 66. विसण जरा जास्त घालावं लागेल, बाकी काही बिघडत नाही. थंडीत गल्लीभर गिझर आणि हीटर सुरू झाले की व्होल्टेज पडतं. 230 च्या जागी 190 आलं तर एलिमेंटची ताकद त्याच प्रमाणात कमी होत नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होते. दोन किलोवॅटचे सुमारे 1.37 उरतात. मग त्याच वीस मिनिटांत पाणी जेमतेम 26 डिग्री चढतं आणि 41 वर थांबतं; न्हाणीघरात धुकं शिरलेलं असताना हे पाणी अंगावर घेऊन बघा. आणि सगळ्यात वाईट प्रसंग यातला नव्हेच. रात्री कुणीतरी गिझर लावला, वापरला नाही, टाकीत सकाळपर्यंत 45 डिग्रीचं पाणी शिल्लक आहे. टायमरला ते माहीत नाही. तो इमानदारीनं वीस मिनिटं तापवतो आणि नळातून 83 चं पाणी येतं.

ओपन लूप चुकतो तो असा. त्याची वीस मिनिटं चुकीची नसतात, ती एका विशिष्ट दिवसासाठी बरोबर असतात. ती रोज बरोबर ठरवायची तर येणारं पाणी, टाकीतलं शिल्लक पाणी, व्होल्टेज आणि एलिमेंटचं वय, हे सगळं आधी कळायला हवं. एवढी चौकशी करून आंघोळ कोण करणार?

थर्मोस्टॅट यातली एकही चौकशी करत नाही. त्याला ऋतू कळत नाही, व्होल्टेज कळत नाही. व्होल्टेज कमी असेल तर पाणी हळू तापतं आणि तो जास्त वेळ वाट बघतो, बस. टाकीत आधीच गरम पाणी असेल तर तो लवकर तोडतो. बाहेरच्या सगळ्या भानगडींचा परिणाम शेवटी पाण्याच्या तापमानावरच होणार, मग तेवढंच बघितलं की झालं. क्लोज्ड लूपची सगळी चतुराई या एका आळसात आहे.

हे तो करतो कसं, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गिझरांत खालचं झाकण उघडलं की एलिमेंट ज्या चकतीवर बसवलेलं असतं त्या फ्लँजमधून टाकीत वर गेलेली एक बारीक नळी दिसते. त्या नळीत थर्मोस्टॅटची कांडी बसते. कांडीचं बाहेरचं आवरण पितळेचं, आतला गज इन्व्हारचा. इन्व्हार म्हणजे लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू, निकेल सुमारे 36 टक्के. शार्ल एदुआर गियोम यांनी 1896 मध्ये तो शोधला आणि 1920 चं नोबेल त्यांना मिळालं. त्याची खासियत ही की तापवल्यावर तो जवळजवळ लांबत नाही. पितळ लांबतं. दोघांचं एक टोक जोडलेलं असतं, त्यामुळे पाणी तापलं की पितळ वाढतं आणि आतला गज स्वतः न वाढता ओढला जातो. पंचवीस सेंटिमीटरची कांडी धरली तर 15 पासून 60 डिग्रीपर्यंत ही ओढ होते सुमारे 0.2 मिलिमीटर. जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. तेवढ्यानं खालची स्प्रिंग ‘टक्’ करून उलटते आणि संपर्क तुटतो. आत्या जो काटा पिळते तो म्हणजे एक स्क्रू, स्प्रिंग उलटायला किती ओढ लागेल ते ठरवणारा.

त्या ‘टक्’ला महत्त्व आहे. साठला तुटला आणि एकोणसाठ पूर्णांक नऊला पुन्हा जुळला, असं होऊ दिलं तर संपर्क सतत फडफडत राहतील. त्यांतून साडेआठ-नऊ अँपिअर वाहत असतात. दरवेळी ठिणगी, आणि थोड्याच दिवसांत संपर्क जळून एकमेकांना चिकटतात. म्हणून तुटायचं आणि जुळायचं तापमान मुद्दाम वेगळं ठेवतात. समजा साठला तुटला तर बावन्नच्या आसपास जुळतो. मधल्या आठ डिग्रींत तो गप्प बसतो. चांगल्या इन्सुलेशनच्या टाकीतलं पाणी तासाला साधारण डिग्री-दीड डिग्रीच निवतं, म्हणजे नळ उघडलाच नाही तर गिझरवरचा दिवा एकदा विझल्यावर काही तास पेटू नये.

‘काही तास’ हे शब्द पुढे कामाला येणार आहेत.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आत्याचा फोन आला की गिझर पाणी नुसतं कोमट करतो. मी तिळगूळ घेऊन जाणारच होते. पोचले तेव्हा तिचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन स्टुलावर चढलेला, हातात टेस्टर.

“दीदी, थर्मोस्टॅट गया. नया तो शाम तक आएगा. अभी डायरेक्ट कर दूँ?”

डायरेक्ट करणं म्हणजे थर्मोस्टॅटच्या दोन टोकांमध्ये तार जोडून त्याला वगळणं. आपल्या गावांत हे सर्रास चालतं, आणि गंमत अशी की त्यानं ‘गुण’ येतो. पाणी झकास तापतं. घरातले खूश, कारागीर शहाणा ठरतो. मी त्याला म्हटलं, भैया, पाच मिनिटं थांबा, आधी दिवा बघू. आत्यानं मला ‘आली मोठी इंजिनियर’ अशा नजरेनं बघितलं आणि चहा टाकायला गेली.

टाकी रिकामी करून थंड पाण्यानं भरली आणि स्विच लावला. गिझरवरचा तो लाल दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे, एलिमेंटच्या जोडीनं असतो. दिवा पेटलाय म्हणजे थर्मोस्टॅट एलिमेंटला वीज देतोय. सहा मिनिटांत दिवा विझला.

येणारं पाणी 15 डिग्रीचं धरा. सहा मिनिटांत दोन किलोवॅटनं पंधरा लिटर पाणी साडेअकरा डिग्री चढतं, म्हणजे सगळं मिसळून 26 च्या आसपास. साठपर्यंत जायला साडेतेवीस मिनिटं हवीत. काटा टोकाला होता, तरीही थर्मोस्टॅट सांगत होता की झालं, तापलं. व्होल्टेज कमी असतं तर दिवा जास्त वेळ पेटून राहिला असता, कमी नाही. एलिमेंट जळलेलं असतं तर दिवा विझलाच नसता, कारण पाणी कधी तापलंच नसतं. म्हणजे दोष खबरीत होता.

इथपर्यंत इलेक्ट्रिशियनचंही म्हणणं तेच होतं: थर्मोस्टॅट गेला. पण दिवा दीड मिनिटात परत पेटला. मिनिटभर राहिला, विझला, पुन्हा थोड्या वेळानं पेटला. थर्मोस्टॅट नुसताच बिघडून साठच्या जागी पंचविसाला तुटू लागला असता तर तुटल्यावर तो तुटलेलाच राहिला असता, टाकी तेवढी निवेपर्यंत, म्हणजे काही तास. दीड मिनिटात टाकीतलं पाणी आठ डिग्री निवत नाही. मग निवलं काय? टाकीच्या आतलंच काहीतरी छोटं, जे एलिमेंट चालू असताना भराभर तापत होतं आणि बंद झाल्यावर आपली उष्णता भोवतालच्या पाण्याला देऊन भराभर थंड होत होतं. थर्मोस्टॅट ते मोजत होता, आणि अगदी बरोबर मोजत होता.

मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, पाणी सोडलं आणि फ्लँज खाली घेतला. आत्याच्या घरी निम्मं पाणी बोअरचं, जड. एलिमेंटवर क्षाराचा इतका जाड थर बसला होता की मूळ नळ्या दिसत नव्हत्या, आणि थर्मोस्टॅटची नळी त्याच ढेकळात एलिमेंटला चिकटून गेली होती. पांढरट, खडबडीत, नखानं खरवडलं तर पापुद्रे निघणारं. कांडी पाण्यात नव्हतीच, दगडात होती. दगड तापला की ती तोडायची. शेजारची मॅग्नेशियमची कांडी, जी टाकीऐवजी स्वतः गंजावी म्हणून लावतात, तिची नुसती तार उरली होती. आणि क्षार बसायचं एक मोठं कारण तो टोकापर्यंत पिळलेला काटाच. पाणी जितकं जास्त तापतं तितका जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट भराभर बाहेर पडून गरम पृष्ठभागावर बसतो. साठच्या खाली ठेवलं तर हे पुष्कळ हळू होतं. हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, “बंबाला पण आतून असंच बसायचं, चिंचेनं निघायचं.” खरं आहे, आम्लानं निघतं, मग ते चिंचेतलं असो की दुकानातलं सायट्रिक ॲसिड. इथे मात्र थर फार जुना होता, एलिमेंट आणि मॅग्नेशियमची कांडी बदलली. जुना थर्मोस्टॅट पुसून तसाच बसवला आणि तो अजून नीट चालतोय.

पण समजा पाच मिनिटं थांबलो नसतो आणि गिझर डायरेक्ट झाला असता, तर?

पहिल्या दिवशी काहीच वाईट झालं नसतं. पाणी तापलं असतं, कारण आता कुणी खोटी खबर देऊन तोडत नव्हतं. आत्याला सांगितलं असतं की पंचवीस मिनिटांनी बंद करायचं हं. म्हणजे गिझर टायमरच्या वर्गात गेला, आणि टायमरच्या जागी आत्या. मग एखाद्या सकाळी भाजीवाला येतो, फोन येतो. 15 पासून शंभरला पोचायला या गिझरला सुमारे पाऊण तास पुरतो, आणि एलिमेंटला शंभरचं काही वाटत नाही. बंद टाकीत दाब चढत जातो. त्यापुढे दोन रखवालदार असतात. एक थर्मल कटआउट, साधारण नव्वदीच्या आसपास उडणारा द्विधातूचा चकतीसारखा स्विच, जो बटण दाबल्याशिवाय परत जुळत नाही. दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह, जादा दाब बाहेर सोडणारा. कटआउट हासुद्धा एक क्लोज्ड लूपच आहे, फक्त तो रोजच्या कामासाठी नाही, पहिला लूप तुटल्याच्या दिवसासाठी आहे. अडचण अशी की डायरेक्ट केलेल्या गिझरचा कटआउट वारंवार उडतो, आणि तो वारंवार उडतो म्हणून पुढच्या वेळी आलेला माणूस त्यालाही डायरेक्ट करतो. मग उरतो तो एकटा व्हॉल्व्ह, ज्याच्या तोंडाशी तोच क्षार साचलेला असतो. गिझर फुटल्याच्या बातम्या येतात त्यामागे बहुतेक अशीच साखळी असते, एकेक खबर एकेक तारेनं बंद केलेली.

ओपन लूपबद्दल मी वर बरंच वाकडं बोलले, पण या बाबतीत तो अधिक सरळ आहे. टायमरवर कुणी आंधळा विश्वास ठेवत नाही. माणूस घड्याळ बघतो, बादलीला बाहेरून हात लावतो. क्लोज्ड लूप वर्षानुवर्षं इतका बरोबर चालतो की आपण बघणंच सोडून देतो. सगळं जग माहीत असण्याची गरज त्यानं काढून टाकली खरी, पण ती सगळी भिस्त एका कांडीवर आणून ठेवली. कांडी जे बघते तेच तो सांभाळतो. ती दगडात असेल तर दगड सांभाळेल, तोही अगदी चोख.

त्यामुळे माझा सल्ला किरकोळ आहे, पण फुकट आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा थंड टाकीपासून दिवा किती वेळ पेटतो ते बघावं. थंडीत काटा साठवर असताना पंधरा लिटर, दोन किलोवॅटला वीस-पंचवीस मिनिटं आली तर ठीक. फार लवकर विझला आणि लगेच पुन्हा पेटला तर क्षार. विझतच नाही आणि पाणी थंडच, तर एलिमेंट. विझत नाही आणि नळातून वाफ येते, तर संपर्क चिकटलेत. तिथे मेन बंद करून मगच पुढचं बोलायचं.

एक तक्रार मात्र आत्याची अजून आहे. तिच्यामागून लगेच नातू आंघोळीला गेला की त्याला पाणी गार लागतं, दिवा तर पेटलेला असतो. “मग तुझा तो लूप काय करतोय?” तो करायचं ते करतोय; पाणी गार झालंय हे त्याला कळलं, त्यानं एलिमेंट लावलं. पण मिनिटाला चार लिटर पाणी वाहत असेल तर दोन किलोवॅट त्याला फक्त सात डिग्री चढवू शकतात. 15 चे 22. खबर कितीही खरी असली तरी त्यापुढे जायला ताकदच नाही. त्यावर थर्मोस्टॅट बदलून, काटा पिळून किंवा डायरेक्ट करून काहीही होणार नाही. एक तर पंचवीस लिटरची टाकी घ्यायची, नाहीतर नातवाला वीस मिनिटं उशिरा उठवायचं. आत्यानं दुसरा पर्याय निवडलाय, आणि नातवाची त्याला काही हरकत दिसत नाही.